हजेरीच्या सुधारित पद्धतीचे परिपत्रक कसे लिहावे: आस्थापना शाखेत नव्याने आलेल्यांसाठी

हजेरीची पद्धत बदलते तेव्हा परिपत्रकाचा मसुदा बहुधा आस्थापना शाखेतल्या सर्वांत नव्या लिपिकाकडे येतो. साहेब तोंडी सांगतात, "एक तारखेपासून थंब सुरू करायचा आहे, परिपत्रक काढा." मग मागच्या फायलीतले एखादे जुने परिपत्रक काढून त्यातल्या तारखा बदलल्या जातात. कागद दिसायला बरोबर दिसतो, पण पहिल्याच आठवड्यात लोक टेबलाशी येऊन विचारू लागतात. यंत्राने ठसा घेतला नाही तर काय करायचे? फिरतीवर असलो तर? जाताना ठसा द्यायचा राहिला तर अख्खा दिवस गेला का? ही उत्तरे परिपत्रकातच असायला हवी होती. ती तिथे कशी आणायची आणि साध्या औपचारिक मराठीत कशी मांडायची, ते या लेखात पाहू.

उदाहरणासाठी दाभोळ खाडीच्या काठावरचे, दापोली तालुक्यातले एका पतसंस्थेचे कार्यालय धरू. कार्यालय कल्पित आहे, पण अडचणी खऱ्या आहेत. निम्मे कर्मचारी दापोलीकडून एसटीने येतात, काही जण गुहागर तालुक्यातल्या धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून येतात, आणि वसुलीची माणसे आठवड्यातले दोन-तीन दिवस गावोगाव फिरतीवर असतात. आजवर सगळे हजेरीपटावर, म्हणजेच मस्टरवर सही करत आले. आता दाराशी बोटाच्या ठशाचे यंत्र बसले आहे.

लिहायला बसण्याआधी

मसुद्याला हात लावण्यापूर्वी साहेबांसमोर बसून काही गोष्टी पक्क्या करून घ्या. नवी पद्धत कोणत्या तारखेपासून, जुनी नक्की कधी बंद, कामाची वेळ तीच आहे की बदलली, यंत्र बंद पडले तर नोंद कुठे करायची, आणि चुकलेली नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा. यातला शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा कोणी विचारलेलाच नसतो. तो विचारा, आणि उत्तर नावाने न घेता पदाने घ्या, कारण माणसे बदलतात आणि परिपत्रक फायलीत राहते.

तारीख ठरवताना शक्य असेल तर महिन्याची पहिली तारीख घ्यायला सांगा. बदल महिन्याच्या मधेच झाला, तर त्या महिन्याचा पगार अर्धा मस्टरवरून आणि अर्धा यंत्राच्या अहवालावरून काढावा लागतो आणि दोन्हींचा मेळ बसता बसत नाही. आपल्या उदाहरणात १ जून २०२६ ही तारीख घेऊ. त्या दिवशी सोमवार आहे, त्यामुळे आठवडाही तिथूनच सुरू होतो. पण कोकणात जून म्हणजे पाऊस, वीज जाणे आणि एखाद्या दिवशी बंद राहणारी फेरीबोट. म्हणून यंत्र बंद पडल्यावर काय करायचे, हे कलम इथे पहिल्या आठवड्यापासून लागणार हे धरूनच लिहायचे.

आणखी एक मर्यादा ओळखून ठेवा. परिपत्रक नवा नियम जन्माला घालत नाही. असलेला नियम कसा पाळायचा एवढेच ते सांगते. तीन उशिरांना एक किरकोळ रजा वजा होते असे पतसंस्थेच्या सेवानियमांत आधीपासून असेल, तर परिपत्रकात त्याची आठवण देता येते. तो नियम तिथे नसेल, तर हजेरीच्या परिपत्रकात हळूच घुसवू नका. तो संचालक मंडळाचा विषय आहे. शासकीय कार्यालयात हे भान अधिकच ठेवावे लागते. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला तेव्हा मंत्रालय व इतर शासकीय कार्यालयांची वेळ सकाळी ९:४५ ते सायंकाळी ६:१५ अशी ठरवून दिली, आणि शिपायांसाठी ९:३० ते ६:३० अशी वेगळी वेळ दिली. अशा कार्यालयाचे परिपत्रक वेळ ठरवत नाही, शासन निर्णयाचा संदर्भ देऊन ती फक्त उद्धृत करते.

वाक्य कसे घडवावे

जुन्या फायलीत साधारण असे वाक्य सापडते:

"सर्व संबंधितांना याद्वारे सूचित करण्यात येते की, उपरोक्त विषयान्वये उपस्थिती नोंदविण्याच्या प्रचलित कार्यपद्धतीत सुधारणा करण्यात आली असून तदनुसार बायोमेट्रिक प्रणालीद्वारे उपस्थिती नोंदविणे अनिवार्य राहील व कसूर केल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी."

एवढे वाचूनही कर्मचाऱ्याला कधीपासून, कुठे, दिवसातून किती वेळा हे कळत नाही. "योग्य ती कारवाई" वाचून तो फक्त धास्तावतो. हेच असे लिहा:

"सोमवार, १ जून २०२६ पासून प्रत्येक कर्मचाऱ्याने कार्यालयात आल्यावर एकदा आणि कार्यालय सोडताना एकदा, प्रवेशद्वाराजवळील यंत्रावर बोटाचा ठसा देऊन हजेरी नोंदवावी. शनिवार, ३० मे २०२६ हा हजेरीपटावर रोज सही करण्याचा शेवटचा दिवस असेल."

वाक्ये दोनच, पण सोमवारी सकाळी काय करायचे ते शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांना कळते. औपचारिकपणाही कमी झालेला नाही. तो "नोंदवावी" या रूपातच आहे. "नोंदवा" ही आज्ञा वाटते, "नोंदवण्यात यावी" म्हटले की करणारा माणूस दिसेनासा होतो, आणि "नोंदवावी" मध्ये अपेक्षा स्पष्ट असते, आदरही राहतो. नव्या लिपिकाची चूक इथे नेमकी होते. "कर्मचारी हजेरी नोंदवावे" असे लिहिले जाते. करणाऱ्याला "ने" किंवा "नी" लावायचे आणि क्रियापद कामाप्रमाणे फिरवायचे: कर्मचाऱ्यांनी हजेरी नोंदवावी, अर्ज द्यावा, कारण लिहावे.

करणारा कोण हे जिथे महत्त्वाचे आहे तिथे "करण्यात येईल" टाळा. "नोंदीची दुरुस्ती करण्यात येईल" असे लिहिले की अर्ज घेऊन माणूस तीन टेबले फिरतो. "शाखाप्रमुख अर्जावर शिफारस करतील आणि आस्थापना लिपिक नोंद दुरुस्त करतील" असे लिहिले की तो सरळ शाखाप्रमुखाकडे जातो. "सदर", "उपरोक्त", "तद्नंतर", "अन्वये" यांऐवजी "हा", "वरील", "त्यानंतर", "प्रमाणे" चालतात. पण रूढ शब्दांना हात लावू नका. आवक-जावक, हालचाल नोंदवही, किरकोळ रजा, फिरती, शाखाप्रमुख हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत. त्यांच्या जागी नवे शब्द आणले तर उलट गोंधळ होईल. लोक बोलताना "थंब मारला का?" म्हणतात, लिहिताना "बोटाचा ठसा" लिहा. दोन्हींचा अर्थ एकच हे कोणाला समजवावे लागत नाही.

वेळ लिहिताना "पर्यंत" या शब्दाकडे विशेष लक्ष द्या. "कर्मचाऱ्यांनी सकाळी १० पर्यंत यावे" आणि पुढे "१० मिनिटांची सवलत राहील" असे असेल, तर बरोबर १०:१० ला आलेला माणूस वेळेवर की उशिरा, यावर वाद होतोच. तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजू लिहून टाका: १०:१० ची नोंद वेळेवर धरली जाईल, १०:११ ची नोंद उशीर धरली जाईल. यंत्राचा अहवाल बहुधा चोवीस तासांच्या पद्धतीने वेळ छापतो, म्हणजे सायंकाळी ५:४५ ची नोंद १७:४५ अशी दिसते. हेही एका वाक्यात सांगितले की अहवाल पाहायला आलेला माणूस गोंधळत नाही.

"उद्यापासून" आणि "तात्काळ" हे शब्द परिपत्रकात नकोतच. फलकावरचा कागद कोण कधी वाचेल याचा नेम नसतो.

यंत्राने ठसा घेतला नाही तर

या कलमावर सर्वाधिक वेळ द्या, कारण इथल्या हवेत यंत्राचे आणि बोटांचे जमत नाही असे दिवस बरेच येतात. पावसात भिजून आलेल्या माणसाची बोटे ओली आणि सुरकुतलेली असतात, ठशाच्या रेषा उठत नाहीत. ज्यांच्या घरी काजूचे काम चालते त्यांच्या बोटांची कातडी बियांच्या चिकाने सोलली गेलेली असते. अशा बोटांचा ठसा मे महिन्यात नोंदवून घेतला, की कातडी भरून आल्यावर पावसाळ्यात तो जुळत नाही. म्हणून सुरुवातीची नोंदणी करतानाच प्रत्येकाच्या दोन्ही हातांची किमान दोन-दोन बोटे घ्या, आणि हे परिपत्रकात लिहा. बोट कोरडे करून ठसा द्यायचा, काच कापडाने पुसायची, तरीही न जुळल्यास दुसऱ्या हाताचे बोट लावायचे. तीन प्रयत्नांनंतरही न जमल्यास पर्यायी नोंदवहीत वेळ लिहून शाखाप्रमुखांची सही घ्यायची. "तीन" हा आकडा द्याच. नाहीतर एक माणूस पाच मिनिटे यंत्राशी झगडतो आणि मागे रांग लागते.

वीज गेल्यानंतरची एक खूण आस्थापना लिपिकाने ओळखायला हवी. यंत्रातली छोटी बॅटरी उतरलेली असेल तर वीज परत आल्यावर घड्याळ मागे जाते आणि त्यानंतरच्या नोंदी कधीच्या तरी भलत्याच तारखेला पडतात. अहवालात एखाद्या दिवशी कोणाचीच नोंद नाही आणि वर्षानुवर्षे मागची एखादी तारीख अचानक उगवली आहे असे दिसले, तर सगळे गैरहजर नव्हते, घड्याळ बिघडले होते. म्हणून वीज आल्यावर यंत्राची तारीख व वेळ तपासणे हे काम कोणाचे, तेही परिपत्रकात नेमून द्या.

फेरीबोटीचे कलम लिहिताना हात आखडता घ्यावा, पण ते टाळू नये. खाडी बंद झाली तर धोपाव्याच्या माणसाला खाडीला वळसा घालून यावे लागते, आणि त्याला पूर्ण अर्धा दिवस जातो. हा उशीर त्याच्या हातातला नाही. मात्र "वाहतुकीच्या अडचणीमुळे उशीर झाल्यास सवलत मिळेल" असे मोघम लिहिले, तर चुकलेली एसटीही त्यात येते. सवलत फक्त फेरी पूर्ण बंद असलेल्या दिवसापुरती, आणि १०:१० पूर्वी फोन केलेल्यालाच.

पूर्ण नमुना

संस्थेचे नाव व पत्ता

जावक क्रमांक: आस्था/हजेरी/    /२०२६
दिनांक: २० मे २०२६

परिपत्रक

विषय: १ जून २०२६ पासून हजेरी नोंदविण्याची सुधारित पद्धत

संदर्भ: संस्थेचे सेवानियम, हजेरी व रजा प्रकरण

१. सोमवार, १ जून २०२६ पासून प्रत्येक कर्मचाऱ्याने कार्यालयात आल्यावर आणि कार्यालय सोडताना, प्रवेशद्वाराजवळील यंत्रावर बोटाचा ठसा देऊन हजेरी नोंदवावी. हजेरीपटावर रोज सही करण्याची पद्धत शनिवार, ३० मे २०२६ रोजी काम संपल्यावर बंद होईल.

२. कामाची वेळ पूर्वीप्रमाणेच सकाळी १० ते सायंकाळी ५:४५ राहील. सकाळी १०:१० ची नोंद वेळेवर धरली जाईल, १०:११ व त्यानंतरची नोंद उशीर धरली जाईल. एका महिन्यातील तिसऱ्या उशिराला एक किरकोळ रजा वजा होईल. हा नियम सेवानियमांत पूर्वीपासून आहे.

३. ठशांची नोंदणी सोमवार, २५ मे व मंगळवार, २६ मे २०२६ रोजी दुपारी ३ ते ५ या वेळेत आस्थापना शाखेत होईल. दोन्ही हातांची प्रत्येकी दोन बोटे नोंदवावीत.

४. ठसा देताना बोट कोरडे असावे. एका बोटाचा ठसा न जुळल्यास दुसऱ्या हाताचे बोट वापरावे. तीन प्रयत्नांनंतरही नोंद न झाल्यास, किंवा यंत्र बंद असल्यास, यंत्राशेजारील पर्यायी नोंदवहीत वेळ लिहून सही करावी आणि त्याच दिवशी शाखाप्रमुखांची सही घ्यावी.

५. फिरतीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनी आदल्या कामाच्या दिवशी हालचाल नोंदवहीत गाव, काम व अपेक्षित वेळ लिहावी. अशा दिवशी यंत्रावरील नोंद आवश्यक नाही. फिरती अचानक ठरल्यास शाखाप्रमुखांना फोनवर कळवावे आणि कार्यालयात परतल्यावर पहिल्याच दिवशी नोंदवही भरावी.

६. येण्याची किंवा जाण्याची नोंद राहून गेल्यास पुढील दोन कामाच्या दिवसांत शाखाप्रमुखांकडे लेखी अर्ज द्यावा. शाखाप्रमुख शिफारस करतील आणि आस्थापना लिपिक नोंद दुरुस्त करतील.

७. धोपावे–दाभोळ फेरीबोट पूर्ण बंद असल्यास, त्या मार्गाने येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी सकाळी १०:१० पूर्वी शाखाप्रमुखांना फोनवर कळवावे. असा उशीर महिन्याच्या उशिरांत धरला जाणार नाही.

८. वीजपुरवठा खंडित होऊन सुरू झाल्यावर आस्थापना लिपिकांनी यंत्राची तारीख व वेळ तपासावी.

९. मासिक अहवाल पुढील महिन्याच्या ३ तारखेला आस्थापना शाखेत पाहता येईल. अहवालातील वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने छापलेली असेल. हरकत असल्यास ५ तारखेपर्यंत, ५ तारीख धरून, लेखी कळवावी.

सही
व्यवस्थापक

प्रत: सर्व शाखाप्रमुख, लेखा शाखा, सूचना फलक, निवड नस्ती

मसुद्याची परीक्षा

सही घेण्यापूर्वी तीन माणसे मनात धरून मसुदा त्यांच्या नजरेने वाचा. पहिला वसुलीचा माणूस. तो मंगळवारी घरूनच परस्पर वसुलीच्या गावी जातो आणि संध्याकाळी परस्पर घरी परततो. कलम ५ च्या पहिल्या मसुद्यात फक्त "आदल्या दिवशी नोंद करावी" एवढेच होते असे समजा. मग सोमवारी सुटी असेल तर आदला दिवस कोणता? आणि सकाळी सात वाजता फोनवर निघालेल्या फिरतीचे काय? या दोन प्रश्नांवरून "आदल्या कामाच्या दिवशी" हे शब्द आणि शेवटचे वाक्य कलमात आले.

दुसरी लेखा शाखेतली कर्मचारी. ती शनिवारी जाताना ठसा द्यायला विसरली. दोन कामाचे दिवस म्हणजे सोमवार आणि मंगळवार, तेव्हा मंगळवारी कार्यालय सुटेपर्यंत तिने अर्ज द्यायला हवा. हे कलम ६ वरून कोणालाही न विचारता मोजता येते. "दोन दिवसांत" एवढेच लिहिले असते तर रविवार मोजायचा की नाही यावर अडकले असते. अर्जात काय हवे हे तिला तोंडी सांगितले तरी पुरे: तारीख, राहिलेली नोंद, निघण्याची अंदाजे वेळ आणि त्या वेळी हजर असलेल्या एका सहकाऱ्याची सही.

तिसरा शिपाई. कार्यालय उघडायला तो सगळ्यांच्या आधी येतो, आणि वीज नसेल त्या दिवशी यंत्र बंद आहे हे त्यालाच आधी कळते. पर्यायी नोंदवही शाखाप्रमुखाच्या कपाटात कुलूपबंद असेल तर कलम ४ कागदावरच राहते. म्हणूनच "यंत्राशेजारील" हा शब्द. एवढ्या एका शब्दासाठी नोंदवही कुठे ठेवायची ते आधी ठरवावे लागते, आणि दोरीने टेबलाला बांधलेले पेनही ठेवावे लागते.

वाटप

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधला मसुदा मेलने दापोलीच्या शाखेला पाठवला की तिकडे अक्षरांच्या जागी चौकोन आणि भलतीच चिन्हे दिसतात. परिपत्रकाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर जरूर टाका, कारण बरेच जण तिथेच आधी पाहतात. पण "मला मिळालेच नाही" या वादात फोटो उपयोगी पडत नाही. त्यासाठी एका प्रतीमागे सर्वांची नावे लावून "वाचले" अशी सही व तारीख घ्या. ज्यांना लांब मजकूर वाचायला जड जातो त्यांना कलम १, ४ आणि ६ मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच सही घ्या. रजेवर असलेल्यांची जागा मोकळी ठेवा, ते रुजू होतील त्या दिवशी ती भरून घ्या.

पहिल्या महिन्यानंतर काहीतरी बदलावे लागतेच. तेव्हा दोन वेगळे कागद असतात हे लक्षात ठेवा. एखादी तारीख किंवा आकडा टंकलेखनात चुकला असेल तर शुद्धिपत्रक काढायचे: "जावक क्रमांक अमुक, दिनांक २० मे २०२६ च्या परिपत्रकातील कलम ३ मध्ये 'दुपारी ३ ते ५' ऐवजी 'दुपारी २ ते ५' असे वाचावे." पद्धतच बदलत असेल, उदाहरणार्थ अर्जाची मुदत दोनवरून तीन दिवस करायची असेल, तर नवे परिपत्रक काढून त्यात जुन्याचा क्रमांक व दिनांक द्यावा आणि लिहावे: "वरील परिपत्रकातील कलम ६ ऐवजी १ जुलै २०२६ पासून पुढील कलम लागू होईल. उरलेली कलमे पूर्वीप्रमाणेच राहतील." जुन्या प्रतीवर त्या कलमाशेजारी नव्या परिपत्रकाचा क्रमांक पेनाने लिहून ठेवा, आणि फलकावरचा जुना कागद त्याच दिवशी काढा.